इको, नॉर्मल, स्पोर्ट: बटण दाबल्यावर गाडीत नेमकं काय बदलतं?

आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनपर्यंत तार जात नाही. पूर्वी जायची. पाय दाबला की तार ताणली जायची, इंजिनच्या तोंडाशी असलेली हवेची झडप तेवढीच उघडायची, आणि पाय व इंजिन यांच्यामध्ये दुसरं कुणी नसायचं. आता पेडलच्या मुळाशी सेन्सर बसवलेले असतात. पाय किती दाबला आहे, एवढंच ते इंजिनाच्या संगणकाला कळवतात. सुरक्षेसाठी दोन सेन्सर असतात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यामुळे पकडता येते. संगणक त्या निरोपाचा अर्थ लावतो आणि एका छोट्या मोटरला हवेची झडप किती उघडायची ते सांगतो. डिझेल गाडीत तो झडपेऐवजी डिझेल किती फवारायचं हे ठरवतो.

ड्राइव्ह मोडचं बटण या अर्थ लावण्यात हात घालतं. ते दाबल्याने पिस्टन मोठा होत नाही, टर्बो बदलत नाही, इंजिनाची कमाल ताकदही बहुतेक गाड्यांत तेवढीच राहते. त्याच पायाचा अर्थ बदलतो, त्याच वेगाला निवडलेला गिअर बदलतो आणि काही गाड्यांत स्टिअरिंगचं वजन बदलतं. क्रेटा आणि सेल्टॉसच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत या मोडना इको, नॉर्मल, स्पोर्ट म्हणतात. नेक्सॉनमध्ये मधल्या मोडचं नाव सिटी आहे, आणि महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने झिप, झॅप, झूम अशी नावं दिली. नावं काहीही असली तरी मागचं काम बरंचसं सारखं असतं.

या तिघांत गिअरबॉक्समधला बदल सर्वांत महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह घेताना स्पोर्ट लावला की गाडी एकदम उसळते आणि गिऱ्हाईक खूश होतं. ती उसळी बरीचशी पेडलच्या नकाशाची असते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. पाय 30 टक्के दाबला तर इकोमध्ये संगणक इंजिनाकडे 20 टक्के जोर मागेल, नॉर्मलमध्ये 30 आणि स्पोर्टमध्ये 45. पेडल तळाला टेकलं की तिन्ही मोडमध्ये पूर्णच जोर मागितला जातो. काही गाड्या इकोमध्ये कमाल ताकदीलाही थोडी कात्री लावतात, ते गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. तेवढा अपवाद सोडला, तर स्पोर्टमध्ये जे मिळतं ते इकोमध्ये पाय आणखी दाबूनही मिळतं.

म्हणूनच इकोचं मऊ पेडल स्वतःहून पेट्रोल वाचवत नाही. पाय हळू उठवावा-दाबावा म्हणून ते मदत करतं, चिंधड्या उडाल्यासारखे हिसके कमी होतात, एवढंच. ज्याला गाडी जोरातच पळवायची आहे तो इकोमध्ये पाय जास्त दाबतो आणि पेट्रोल तेवढंच जळतं. इकोची खरी बचत दुसरीकडून येते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स कसा विचार करतो ते पाहावं लागेल.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या संगणकात एक तक्ता असतो. एका बाजूला गाडीचा वेग, दुसऱ्या बाजूला पाय किती दाबला आहे ते. या दोन्हींवरून कोणत्या क्षणी वरचा गिअर टाकायचा आणि कोणत्या क्षणी खालचा, हे ठरतं. प्रत्येक मोडला स्वतःचा तक्ता असतो. इकोचा तक्ता लवकर वरचा गिअर टाकतो आणि खालचा टाकायला कचरतो. स्पोर्टचा तक्ता गिअर धरून ठेवतो आणि ब्रेक लावताच खालचा गिअर टाकायला तयार असतो.

दीड लिटर पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरची ऑटोमॅटिक असलेली एक साधारण गाडी घेऊ. ताशी 40 किलोमीटर वेगाला तिचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे 3200 आरपीएमने फिरेल, तिसऱ्यात 1900 ने आणि चौथ्यात 1400 ने. गाडी सपाट रस्त्यावर त्याच वेगाने चालली आहे, म्हणजे लागणारी ताकद तिन्ही गिअरमध्ये तेवढीच. पेट्रोल मात्र चौथ्यात सर्वांत कमी लागतं. इंजिन हळू फिरलं की आतलं घर्षण कमी होतं. शिवाय तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची म्हणून हवेची झडप जास्त उघडी राहते, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्यात इंजिनाची जी शक्ती वाया जाते ती वाचते. इकोची बचत मुख्यतः ही आहे. काही गाड्यांत इको एसीचा कॉम्प्रेसरही सौम्य चालवतो, त्याचा थोडा हातभार लागतो. एप्रिलच्या दुपारी मागच्या सीटवरचे लोक कुरकुरायला लागले तर कारण हेही असू शकतं.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हायवेवर गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये एकसारखी 90 ने चालली असेल, तर इको आणि नॉर्मलमध्ये फरक जवळजवळ उरत नाही, कारण दोन्ही तक्ते त्याच गिअरवर येऊन थांबलेले असतात. तिथे अ‍ॅव्हरेज ठरवते ती हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो. ज्याला सातारा रस्त्यावर पेट्रोल वाचवायचं आहे, त्याने इको लावून 110 ने जाण्यापेक्षा नॉर्मलमध्ये 85 ने गेलेलं बरं.

आता हीच गाडी पुण्याहून पाचगणीला नेऊ. या एका प्रवासात मोडचे जवळपास सगळे प्रश्न भेटतात.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंतची गर्दी इकोची आहे. सिग्नल सुटतो, गाडी तीस-चाळीस मीटर सरकते, पुन्हा थांबते. स्पोर्टमध्ये इथे पाय जरा हलला तरी गाडी पुढच्या दुचाकीवर धावून जाते, कारण पेडलचा सुरुवातीचा भागच तिथे तिखट केलेला असतो. शिवाय गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्या गिअरला चिकटून बसतो आणि इंजिन उगाच आरडत राहतं. इकोमध्ये पेडलचा सुरुवातीचा प्रवास लांब आणि सौम्य असतो. छोटं टर्बो इंजिन असलेल्या गाड्यांत मात्र एक अडचण येते. टर्बोचा दाब साधारण 1500 ते 1800 आरपीएमनंतर चढायला लागतो आणि इको इंजिनाला त्याच्या खालीच ठेवतो. मग बारीकशा चढावर, उड्डाणपुलाच्या सुरुवातीला गाडी क्षणभर मेल्यासारखी वाटते, चालक वैतागून पाय दाबतो आणि टर्बो जागा झाला की गाडी एकदम सुटते. असं दर चौकात होत असेल, तर त्या गाडीसाठी शहरात नॉर्मल हाच योग्य मोड आहे. वारंवार दाबून सोडलेल्या पायाने इकोची बचत खाऊन टाकलेली असते.

हायवे सोडून सुरूर फाट्याला वळलं की वाईपर्यंत साधा रस्ता. समजा, पुढे उसाची ट्रॉली आहे आणि आपण 60 ने तिच्या मागे आहोत. इकोमध्ये आपली गाडी सहाव्या गिअरमध्ये, जेमतेम 1400 आरपीएमवर असेल. ओव्हरटेकसाठी पाय दाबला की संगणक आधी वाट पाहतो, चालकाला खरंच जोर हवा आहे का याचा अंदाज घेतो. मग सहाव्यावरून तिसऱ्यावर उतरतो, इंजिन 2800 पर्यंत चढतं आणि त्यानंतर ओढ लागते. या सगळ्यात एक-दीड सेकंद सहज जातो. समोरून येणारी गाडीही 60 नेच येत असेल, तर दोन्ही गाड्यांमधलं अंतर दर सेकंदाला 33 मीटरने कमी होतं. म्हणजे गिअरबॉक्सच्या विचारातच तीसेक ते पन्नास मीटर रस्ता संपला, आणि तोही आपण उजवीकडे बाहेर पडलेलो असताना.

स्पोर्ट मोडचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग इथे आहे, तोही योग्य क्रमाने केला तरच. ट्रॉलीच्या मागे पुरेसं अंतर ठेवून, आपल्या लेनमध्ये असतानाच स्पोर्ट लावायचा. आरपीएमचा काटा वर सरकतो, गिअर खाली आलेला कळतो. मग समोरचा रस्ता पाहून निर्णय घ्यायचा. पुढे गेल्यावर, आपल्या लेनमध्ये परतल्यावर पुन्हा नॉर्मल. आधी बाहेर पडून मग बटण शोधायचं असेल तर त्यापेक्षा ट्रॉलीच्या मागेच राहावं. स्टिअरिंगमागे पॅडल असतील किंवा लिव्हर मॅन्युअल बाजूला ढकलता येत असेल, तर तेच काम अधिक नेमकेपणाने होतं, कारण गिअर आपण निवडतो.

वाईनंतर पसरणी घाट लागतो. वाई ते पाचगणी हे बारा-तेरा किलोमीटरचं अंतर आणि सुमारे साडेपाचशे मीटरची चढण. घाट चढायला गाडीला फार ताकद लागते अशी समजूत आहे. माणसांसकट 1600 किलो वजनाची गाडी या घाटात सरासरी चढावर ताशी 40 ने चढवायला सगळं मिळून 15 अश्वशक्तीच्या आसपास लागते. इंजिन 115 अश्वशक्तीचं आहे. तेव्हा ताकद कमी पडते म्हणून गाडी रडत नाही, गिअर चुकीचा असतो म्हणून रडते.

इकोमध्ये काय होतं ते पाहा. सरळ तुकड्यावर गिअरबॉक्स चौथा टाकतो, इंजिन 1400 वर येतं आणि चढ ओढायला तेवढ्यावर जोर पुरत नाही. चालक पाय दाबतो. गिअरबॉक्स तिसरा टाकतो, गाडी ओढू लागते. वेग आला म्हणून चालक पाय जरा सैल करतो, लगेच चौथा. दोन वळणांत हा खेळ तीन-चारदा होतो. प्रत्येक बदलात गाडीला बारीक हिसका बसतो, मागे बसलेल्या मुलांना मळमळायला लागतं, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये आतला लॉक करणारा क्लच सारखा सुटून पुन्हा बसत राहिल्याने तेलात उष्णता तयार होते. याची खूण सोपी आहे: पाय जवळजवळ तिथेच असूनही आरपीएमचा काटा दर काही सेकंदांनी वर-खाली होत असेल, तर तक्ता या रस्त्याला जुळत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांचा संगणक चढ ओळखून नॉर्मलमध्येच गिअर धरून ठेवतो, आणि मग नॉर्मल पुरेसा असतो. ज्यांचा ओळखत नाही, त्यांत स्पोर्ट लावला की गाडी तिसऱ्यात 1900 वर शांतपणे चढत राहते. आवाज थोडा वाढतो, पण सारखी बदलाबदल थांबते.

पावसाळ्यात मात्र इथे सावध राहावं लागतं. ओल्या हेअरपिन वळणावरून बाहेर पडताना स्पोर्टचं तिखट पेडल पुढच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त जोर देतं, चाक घसरतं आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकू पाहते. ट्रॅक्शन कंट्रोल सावरून घेतो, पण मुळात ती वेळ आणू नये. तेव्हा नॉर्मल ठेवून मॅन्युअलमध्ये तिसरा धरावा: पेडल सौम्य, गिअर योग्य. दोन्ही हवं असेल तर हाच मार्ग आहे, कारण मोडचं बटण पेडल आणि गिअर या दोन गोष्टी एकत्र बांधून देतं.

वळणांचा विषय निघाला म्हणून स्टिअरिंगबद्दल. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. स्टिअरिंगच्या दांड्यात किंचित पिळणारी एक सळई असते. ती किती पिळली यावरून चालक किती जोर लावतो आहे ते कळतं, आणि त्याप्रमाणे व गाडीच्या वेगाप्रमाणे मोटर हातभार लावते. पार्किंगमध्ये भरपूर, हायवेवर कमी. स्पोर्टमध्ये हा हातभार कमी करतात, म्हणून स्टिअरिंग जड लागतं. बहुतेक गाड्यांत बदल इतकाच. तेवढंच चाक वळवायला स्टिअरिंग तेवढंच फिरवावं लागतं, टायरची रस्त्यावरची पकड तेवढीच राहते. वजन आणि रस्त्याची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायवेवर ताशी 90 ला जड स्टिअरिंग हात स्थिर ठेवायला मदत करतं, तेवढा त्याचा फायदा खरा. घाटात एकामागून एक वळणं घेताना, त्यातून खांदा दुखत असेल तर, तो उगाच भार होतो. गाडीत मोडचे घटक वेगवेगळे निवडता येत असतील, तर इंजिन-गिअर स्पोर्ट आणि स्टिअरिंग नॉर्मल ही जोडी घाटासाठी उत्तम. कित्येक गाड्यांत तर मोड बदलला तरी स्टिअरिंगला हातच लावलेला नसतो, आणि चालकाला उगाच जड झाल्याचा भास होत राहतो.

परतीचा प्रवास जास्त महत्त्वाचा आहे. चढताना चुकीच्या मोडने गाडी हिसके देते, उतरताना चुकीचा मोड ब्रेक तापवतो.

पाचगणीहून वाईला उतरताना आपली 1600 किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. एवढ्या उंचीची ऊर्जा साधारण 30 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला पुरेल इतकी असते. तिचा एक तृतीयांश भाग हवा आणि टायर खातात. उरलेली कुणीतरी घ्यायलाच हवी: ब्रेकच्या चकत्यांनी किंवा इंजिनाने. इकोमध्ये उतरताना पाय काढला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, इंजिन हळू फिरतं आणि गाडीला धरून ठेवत नाही. वेग वाढतो, ब्रेक लागतो, सुटतो, पुन्हा वेग वाढतो. सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. जळका, तिखट वास येऊ लागला, पेडल नेहमीपेक्षा जास्त खाली जाऊ लागलं किंवा तेवढ्याच दाबाला गाडी कमी थांबू लागली, की ब्रेक तापले आहेत असं समजावं. लगेच खालचा गिअर टाकून वेग कमी करावा, रुंद जागा पाहून थांबावं आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यावर पाणी ओतू नये, तापलेली चकती वाकू शकते.

स्पोर्टमध्ये गिअरबॉक्स खालचा गिअर धरतो आणि ब्रेक लावताच आणखी खाली उतरायला तयार असतो. त्याहून चांगलं म्हणजे मॅन्युअलमध्ये दुसरा किंवा तिसरा स्वतः धरणं. ताशी 40 ला दुसऱ्यात इंजिन 3200 वर घुमतं, आणि इथे बहुतेक लोक घाबरतात. एवढा आवाज म्हणजे एवढं पेट्रोल, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाय पूर्ण काढलेला असताना आणि इंजिन गाडीच्या रेट्याने फिरत असताना संगणक इंधनाचा पुरवठाच बंद करतो. त्या क्षणी पेट्रोल शून्य जळतं. आरपीएम खूप खाली आले किंवा पाय पुन्हा ठेवला की पुरवठा सुरू होतो. उलट, पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्याचं इंजिन संथ चालू राहण्यापुरतं पेट्रोल जाळतच असतं आणि गाडीला धरणारं ब्रेकशिवाय काहीच उरत नाही. हा प्रकार घाटात कधीही करू नये. काही गाड्यांच्या इको मोडमध्ये पाय काढल्यावर इंजिनापासून चाकं मोकळी सोडण्याची सोय असते. सपाट हायवेवर ती उपयोगी आहे. घाट उतरण्याआधी मात्र इकोमधून बाहेर पडावं.

आपल्या गाडीत यातलं काय काय बदलतं हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पाचेक मिनिटांत पाहताही येतं. मोकळा, सरळ, सपाट रस्ता निवडावा. इकोमध्ये ताशी 40 वर स्थिर चालावं, पाय अजिबात हलवू नये, आणि शेजारी बसलेल्याला स्पोर्टचं बटण दाबायला सांगावं. आरपीएमचा काटा टुणकन वर गेला तर गिअरबॉक्सचा तक्ता बदलला. काटा जागेवर राहिला पण पाय न हलता गाडी पुढे ओढू लागली, तर पेडलचा नकाशा बदलला. मॅन्युअल गिअरच्या गाडीत काटा उडी मारणारच नाही, कारण गिअर आपल्या हातात आहे. तिथे मोड म्हणजे बहुतांशी पेडल. सीव्हीटी असेल तर ठरावीक गिअर नसतात, काटा उडी न मारता सलग चढून वरच राहील. स्टिअरिंगसाठी नंतर एकदा त्याच वेगाने हलकं डावं-उजवं करून दोन्ही मोडमध्ये हाताला काय लागतं ते पाहावं. शेवटी गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि कोणता मोड आपोआप लागतो ते बघावं. पुष्कळ गाड्या नॉर्मलवर परततात, काही मागचा मोड लक्षात ठेवतात, आणि पाचगणीला मुक्काम करून सकाळी उतरायला निघालेल्या माणसाला हे आधी ठाऊक असलेलं बरं.